अक्षरांमागचा पाइप

आमच्या घरात खेळण्यांच्या आधी पत्रकं आली. आबा, म्हणजे माझे वडील, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहायचे आणि हमालांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. उरलेली पत्रकं आई फडताळात अंथरायची. साखरेचा डबा उचलला की खाली 'एकजूट' दिसायची, मिठाची बरणी उचलली की 'हक्क'. मला 'कमळ' लिहिता येण्याआधी 'कामगार' लिहिता यायला लागलं, आणि शाळेतल्या बाईंना त्याचं कौतुक वाटलं की काळजी, हे मला अजून कळलेलं नाही.

पुढे मी साताऱ्याला आयटीआयला गेले आणि वायरमन झाले. लिहितेही. दोन्ही कामांत मला एकाच गोष्टीचा संताप येतो: लोकांना दिसणार नाही अशा जागी केलेली लबाडी. भिंतीच्या आत वायर सोलली गेली तर वरून गिलावा तसाच गुळगुळीत राहतो, रंगही छान बसतो. घरमालक खूश होतो आणि ठेकेदार निघून जातो. काही पावसाळे गेले की त्या घरातली बाई ओल्या हातानं भिंतीला टेकते. याला मी चूक म्हणत नाही, गुन्हा म्हणते. असं बोलले की माझा जोडीदार म्हणतो, "तुजं पत्रक चालू झालं बघ."

हा जोडीदार माझ्या वर्गातला. माण तालुक्यातल्या धनगराच्या घरातला. त्याचे चुलते अजून मेंढरं घेऊन फिरतात. आम्ही दोघं मिळून कामं घेतो. तो कमी बोलतो आणि बोलला की टोमणाच मारतो.

गेल्या उन्हाळ्यात संघटनेच्या ऑफिसातलं काम आमच्याकडं आलं.

ऑफिस म्हणजे यार्डातल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, खुर्च्या, मीटर आणि बोर्ड. मागच्या खोलीत दुपारी माणसं अंग टाकतात. उन्हाळ्यात तिथल्या माठातलं निवलेलं पाणी सकाळीच संपायचं आणि मग भर उन्हात पोतं वाहून आलेला माणूस टाकीचं कोमट पाणी प्यायचा. संघटनेनं मोठा वॉटर कूलर घेतला होता. तो मागच्या खोलीत येऊन बसलाही होता, पण चालू करता येत नव्हता. तिथं जाणारी वायर जुन्या काळातली, ॲल्युमिनियमची, एक बल्ब आणि एक पंखा एवढ्याच हिशोबानं टाकलेली. तिच्यावरचं आवरण पापडासारखं कडक झालं होतं, बोटानं दाबलं की तुकडे पडत. त्यावर कूलर लावला असता तर गार पाण्याच्या आधी धूर आला असता.

नवी, जाड, तांब्याची वायर टाकायची हे ठरलेलंच होतं. प्रश्न होता ती न्यायची कुठून.

दोन्ही खोल्यांच्या मधल्या भिंतीवर, पुढच्या बाजूनं, आबांनी रंगवलेली अक्षरं आहेत. संघटना नवी होती तेव्हा, म्हणजे माझ्या जन्माच्या आधी, तांबड्या आणि काळ्या ऑइलपेंटनं त्यांनी तिथं चार ओळी काढल्या:

ओझं एकट्याचं नाही.
मजुरी एकट्याची नाही.
पडेल त्याला उचलू.
उचललेल्याला सोडणार नाही.

वीतभर उंचीची अक्षरं. नवीन हमाल नोंदवला की त्याला या भिंतीसमोर उभं करून त्या ओळी वाचायला लावतात. वाचता येत नसेल तर बाकीचे वाचतात आणि तो मागून म्हणतो. जुनी वायर याच भिंतीच्या पोटातल्या पाइपातून गेलेली होती. बोर्डापासून वर, तिथून तिरकी अक्षरांच्या मागून, आणि शेवटी भिंतीच्या पलीकडं, मागच्या खोलीतल्या वायरी जोडायच्या लोखंडी डबीत.

दुसरी वाट नव्हती. एका बाजूला शेजाऱ्याचं गोदाम, एका बाजूला शटर, आणि वर पत्रा, जो चैत्रात तव्यासारखा तापतो. भिंतीवरून बाहेरून पट्टी मारली तरी ती अक्षरांच्या मधूनच गेली असती, स्क्रू मारत मारत. तेव्हा एकतर जुन्याच पाइपातून नवी वायर गेली पाहिजे, नाहीतर कटरनं भिंत कापून नवा पाइप बसवला पाहिजे. कटर येऊन पडला होता. गोणपाटात गुंडाळून टेबलाखाली ठेवलेला. संघटनेचा सेक्रेटरी, तरणा आणि हिशेबी माणूस, त्यानंच तो मागवला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं: जुना पाइप, आत काय भरलंय कुणाला ठाऊक, अडकला की दिवस जाणार, यार्ड बंद असलेला एकच दिवस मिळतो, त्यात पाणी चालू झालंच पाहिजे.

मी आबांकडं पाहिलं. त्यांचे हात आता थरथरतात. चहाचा पेलाही ते दोन्ही हातांनी धरतात. ही अक्षरं पुन्हा काढणं त्यांच्या हातून होणार नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी काढली असती तर ती ती अक्षरं नसती. हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, आणि आबांना सगळ्यांत जास्त.

ते म्हणाले, "पाणी पायजे. भिंत काय, भिंतच हाय."

या माणसानं मला वाढवलं. पत्रकात लिहिलेलं स्वतःला लागू करायचं, स्वतःला पहिल्यांदा. मला त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला. मी सेक्रेटरीला सांगितलं, आधी पाइपातून बघते, मग कटर.

सकाळी मेन बंद केला, फ्यूज काढून खिशात घातला, टेस्टर लावून खात्री केली. मग जुन्या वायरी बाहेर काढायला घेतल्या. जुनी वायर बाहेर येताना तिच्या मागं गाइड तार बांधली की ती आपोआप आत जाते, अशी आशा होती. पहिली वायर निम्म्यात तुटली. ॲल्युमिनियम जुनं झालं की काडीसारखं मोडतं. दुसरीही तशीच तुटली. तुकडे दोन्हीकडून ओढून काढले. पाइप रिकामा झाला आणि नवं काही ओढून घ्यायला आत काहीच उरलं नाही.

मग गाइड तार. आमच्या धंद्यात तिला नुसतं 'स्प्रिंग' म्हणतात. पोलादाची लवचिक पट्टी, दोन्ही टोकांना गोल डोळा. ती हळूहळू पाइपात सरकवायची. अडली की रेटायची नाही. थोडी मागं घ्यायची, पिळायची, पुन्हा पुढं. टोक आतल्या वळणाला शोधत जातं. माझ्या जोडीदाराची ही खासियत. तो डोळे मिटून स्प्रिंग ढकलतो, जणू दुसऱ्या टोकाला त्याचं बोट आहे. एका जागी ती बराच वेळ अडून राहिली. मग गेली. मागच्या खोलीत डबीतून टोक बाहेर आलं तेव्हा सुट्टी असूनही तिथं येऊन बसलेल्या हमालांनी त्याचं असं स्वागत केलं की जणू गावची सून माहेरून आली.

स्प्रिंगला चिंधी बांधून एकदा ओढून घेतली. गिलाव्याचे खडे आले, कुंभारीण माशीचं मातीचं घर आलं, आणि पिवळी धूळ आली. त्या यार्डात हळद कुठं जात नाही? भिंतीच्या पोटातही गेली होती. बोर्डामागच्या लोखंडी डबीच्या भोकाची कड धारदार होती. ती कानशीनं घासली आणि वर रबराची बुशी बसवली. वायर तिथून आत वळते, तिथंच ती पहिल्यांदा सोलते.

मग तिन्ही वायरी: फेज, न्यूट्रल, अर्थिंग. टोकं सोलून तांबं स्प्रिंगच्या डोळ्यातून घातलं, पिळलं, वर टेप गुंडाळली. मी पुढच्या खोलीत वायर आत सोडायला बसले. जोडीदार मागच्या खोलीत ओढायला.

आणि इथं माणसं आडवी आली, तीही प्रेमानं.

हमालांचा एक नेम आहे. एकजण जोर लावत असेल तर दुसरा हात बांधून उभा राहत नाही. राहिला तर वर्षभर त्याला ऐकून घ्यावं लागतं. मागच्या खोलीत चारपाच हमाल बसलेले. माझ्या जोडीदारानं स्प्रिंग ओढायला घेतली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एक किडकिडीत पोरगा एकटा ओढत होता. कुणीतरी स्प्रिंगच्या टोकाला सुती दोर बांधला. सगळे उठले. दोर सगळ्यांच्या हातात गेला. आणि दारात उभ्या असलेल्या आबांनी, आयुष्यभर जे केलं तेच केलं. आरोळी दिली.

"हैश्शा!"

गाडीतून पोतं सुटावं तशी माझ्या हातातली वायर सुटली. मी ओरडले, थांबा म्हणाले. पण आरोळीच्या वेळी हमालाला आरोळीशिवाय काही ऐकू येत नाही, नाहीतर पोतं पायावर पडेल. दुसरी हैश्शा झाली. वायर ताणून डबीच्या कडेवर आडवी बसली, रबराची बुशी उपटून आत गेली आणि लोखंडी कडेनं तांबड्या वायरीचं आवरण काकडीसारखं सोललं. पुढचं टोक आत कुठंतरी अडकून बसलं. तिसऱ्या हैश्शाला जोडीदारानं दोर सोडून दिला आणि दोराच्या आडवा उभा राहिला, तेव्हा कुठं थांबले.

उलटं ओढून वायर बाहेर काढली. लांब चरा पडला होता आणि आत तांबं दिसत होतं. हातभर लांबीची जखम. हे आत राहिलं असतं तर भिंतीला ओल धरल्यावर भिंतीनंच चटका दिला असता, तेही अर्ध्या यार्डाला पाठ टेकायला जी भिंत आहे तिनं.

मी काही बोलायच्या आधी जोडीदारच बोलला. हमालांना, अगदी शांतपणे:

"आवं काका, तुमी हाळी दिल्याव म्हसरं बी येत्यात. वायर न्हाई येत."

सगळे हसले, पण आबा हसले नाहीत. ते त्या सोललेल्या वायरीकडं बघत होते. आरोळी त्यांनी दिली होती.

सेक्रेटरीनं गोणपाट सोडायला घेतलं. त्याला दोष देता येत नव्हता. गुंडाळीवर अजून एकदा पुरेल एवढीच वायर उरली होती, ऊन वर आलं होतं. तो आबांना म्हणाला की आता तुम्हीच सांगा. आबांनी मान हलवली. कापा.

माझं डोकं फिरलं. मी सेक्रेटरीला म्हणाले, मला अजून एकदा करू दे, नाही गेली तर कटर मी स्वतः चालवते. त्यानं एकदा आबांकडं पाहिलं आणि गोणपाटाची गाठ अर्धी सोडून थांबला.

मी भिंतीसमोर जाऊन उभी राहिले. पाइप कुठं वळतो ते कळलं तर काही करता येणार होतं. स्प्रिंगही एकाच जागी अडली होती, वायरही तिथंच अडली असणार. पण गिलाव्याआड काय दिसणार? आणि मग लहानपणची एक गोष्ट आठवली. तिसऱ्या ओळीतला 'पडेल'मधला ल. तो बाकीच्यांपेक्षा फुगीर आहे. लहानपणी मी आबांना चिडवायची की तुमच्या ल चं पोट सुटलंय. ते म्हणायचे, भिंतच तशी आहे.

मी विचारलं, "आबा, ह्या ल ला काय झालं हुतं?"

ते जवळ आले. त्यांनी अक्षराच्या पोटावरून बोट फिरवलं. "गवंड्यानं हितं पाइप वाकवला व्हता. सरळ न्यायला सांगितला तर त्यो तिरका घीऊन गेला आन् हितनं गपकन् वाकवला. गिलावा फुगला. माजा ब्रश त्या फुगवट्यावरनं घसरला."

"गपकन् म्हंजे किती?"

त्यांनी कोपर वाकवून दाखवलं. मग थोडं सैल केलं. "एवढा."

आता मला ठाऊक होतं. जोडीदार तिथंच भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "म्हंजे खिंड हाय. खिंडीत कळप एकदम घालत न्हाईत. म्होरकं मेंढरू एकटं घालायचं, मागची एकेक करून येत्यात."

तेच केलं. वायरींची टोकं आता एकाच जागी बांधली नाहीत. एक पुढं, दुसरी थोडी मागं, तिसरी आणखी मागं, म्हणजे बांधलेला भाग एकदम जाड न होता निमुळता होत गेला. टेप पुढून मागं अशी गुंडाळली की कड कुठंच वर राहू नये. बुशी नवी बसवली. वायरींना अंगाला लावायची पावडर चोळली. एका हमालानं ग्रीस आणून दिलं होतं, हातगाडीच्या चाकाचं. ते परत पाठवलं. ग्रीसनं आवरण पुढं जाऊन सुजतं, मऊ पडतं.

राहिला प्रश्न हमालांचा. त्यांना बसा म्हटलं असतं तर बसले नसते. नेम तो नेम. मग प्रत्येकाला काम दिलं. एकाच्या हातात बॅटरी. एकाच्या हातात पावडरचा डबा, माझ्या हातात येणाऱ्या वायरीवर शिंपडायला. सगळ्यांत दांडगा होता त्याच्याकडं वायरीची गुंडाळी. वायर कडी कडीनं ओरबाडली तर तिला पीळ बसतो आणि पाइपात आकडा पडतो, म्हणून गुंडाळीच फिरवत फिरवत सोडायची. तो मांडी घालून बसला आणि ती गुंडाळी मांडीवर घेऊन अशी फिरवू लागला जशी मावशी बाळाला न्हाऊ घालते. त्याचे सोबती त्याला हसत होते. तो मान वर करत नव्हता.

ओढायला फक्त जोडीदार.

आणि आबा दारात, जिथून दोन्ही खोल्या दिसतात. मी त्यांना म्हणाले, "हाळी तुमीच द्या. पन ओढणाऱ्याला न्हाई, मला बघून द्या. मी ढकलली की मग त्यानं ओढायची."

आबा म्हणाले, "हळू हाळी मला येत न्हाई."

"शिका की मग."

त्यांनी चौकटीला हात टेकवला. मग त्यांनी खूप खालच्या पट्टीत, गळ्यातल्या गळ्यात सुरू केलं. "हां." मी वीतभर वायर आत सारली, जोडीदारानं वीतभर घेतली. "हां." अजून वीतभर. खोलीत दुसरा आवाज नव्हता, फक्त वायर पाइपात सरकल्याची कुजबुज आणि पावडरच्या डब्याची टकटक. गुलाबाच्या वासाची पावडर होती. संघटनेच्या ऑफिसात असा वास पहिल्यांदाच सुटला असेल.

आत गेलेल्या वायरीवरून माझा अंदाज होता की टोक आता ल च्या आसपास आहे. हाताला जडपणा जाणवला. आबांनी माझ्या खांद्याकडं पाहूनच ओळखलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच्या खांद्याकडं बघत हाळ्या दिल्यात.

"थांब. मागं घे."

जोडीदारानं सैल सोडलं, मी बोटभर मागं घेतलं. "पीळ दे गड्या जरा." त्यानं स्प्रिंगला थोडा पीळ दिला. "हां... हां..." आणि हातातला जडपणा गेला. काही तुटल्यासारखं नाही, झटका नाही. दाटीत कुणी जरा सरकून बाईला जागा द्यावी तसं. मागच्या खोलीतून जोडीदाराचा आवाज आला, "आलं म्होरकं." मागोमाग तिन्ही टोकं आली.

आबांनी हाळी थांबवली नाही. वायर पुरेशी बाहेर येईपर्यंत ते "हां" म्हणत राहिले. मग आपणच ओशाळून थांबले.

डबीतून आलेली वायर मी बोटांनी चाचपून पाहिली, पुढची मागची. कुठं ओरखडा नव्हता. पण डोळ्यावर विश्वास ठेवायचा नसतो, आत काय झालंय ते डोळ्याला दिसत नाही. मेगर काढला, म्हणजे आवरणातून वीज कुठं गळते का ते दाखवणारं मीटर. दोन्हीकडची टोकं मोकळी ठेवून एकेक वायर दुसरीशी तपासली, मग अर्थिंगशी. आवरण कुठं फाटलं असतं तर काटा खाली येऊन बसला असता. तो पार पलीकडच्या टोकाला जाऊन टेकला. मी आबांना काटा दाखवला. म्हणाले, चांगलं हाय का वाईट? मी म्हणाले, आबा, कुठंच सांडत न्हाई.

सेक्रेटरीनं गोणपाटाची अर्धी सोडलेली गाठ पुन्हा बांधली आणि कटर उचलून सायकलला लावला. जाताना म्हणाला की त्याला पण ती भिंत कापायची नव्हती, कुणी विचारलंच नाही. हे ऐकून मला जरा लाज वाटली, पण एवढीच. पाणी वेळेत पाहिजे हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं.

जोडण्या करून, बोर्डावर वेगळा ब्रेकर देऊन दुपारी कूलर चालू केला. पाणी गार व्हायला वेळ लागला. सगळे त्याच्यासमोर असे बसले होते जसे भजनाला बसतात. पहिला पेला दांडग्या हमालानं आबांना दिला. आबांनी दोन्ही हातांनी धरला. थोडं सांडलं, थोडं प्यायले, आणि म्हणाले, दात कळवळले.

एक गोष्ट सांगायची राहिली. वायरीसोबत आम्ही एक नायलॉनची दोरी पण आत ओढून घेतली होती आणि दोन्हीकडच्या डब्यांत तिची टोकं गुंडाळून ठेवली. कधीतरी ही वायरही जुनी होईल, आणि तेव्हा कुणाला स्प्रिंग घालत बसावं लागणार नाही. दोरीला नवी वायर बांधायची, बास. बऱ्याच ठिकाणी लोक हे करत नाहीत, कारण त्याचा फायदा दुसऱ्याला होतो. माझ्या मते याच कारणासाठी ते करायला हवं.

ती दोरी कशाला ते मी सांगितलं, तेव्हा आबांनी टेबलाच्या खणातून जुना ब्रश काढायला लावला आणि तांबड्या रंगाची वाळत आलेली डबी. मी म्हणाले, मी लिहिते. ते म्हणाले, तुला वळण न्हाई. बोर्डाजवळच्या वायरीच्या डबीच्या झाकणावर त्यांनी लिहायला घेतलं. ब्रश घसरायला लागला. दांडग्या हमालानं मागून त्यांचं कोपर तळहातावर धरलं, कुणी सांगितलं नव्हतं. लिहिता लिहिता बराच वेळ गेला. जोडीदारानं हत्यारं आवरली. मी वाट बघत उभी राहिले.

अक्षरं वाकडी आली. सगळ्याच अक्षरांची पोटं सुटली होती.

आत दोरी आहे. हळू ओढा.

आबांनी मागं सरून ते वाचलं, मग भिंतीवरच्या चार ओळी वाचल्या, मग पुन्हा झाकण. जोडीदार म्हणाला, "आबा, पाचवी ओळ झाली ही तुमची." आबांनी ब्रश त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, रॉकेलात बुडवून ठेव, नाहीतर वाळंल.